चतुःसीमा : घरविक्रीच्या कवितेच्या कामाच्या नोंदी

२ मार्च

थोरल्या काकांचा फोन. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचं घर विकायचं नक्की झालं. गिऱ्हाईक गावातलंच आहे, बयाणा घेतलाय, खरेदीपत्र मे महिन्यात. त्याआधी ११ मेला, रविवारी, सगळ्यांनी एकदा त्याच घरात जेवायचं. धाकट्या आजोबांच्या घरच्यांनाही बोलवायचं. शेवटी म्हणाले, "तू काहीतरी लिहितोस नव्हे? मग एक कविता कर. लांबड लावू नको खरं."

(पुण्याच्या चुलतभावांसाठी : आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. खरं-खोट्यातलं खरं वेगळं. ते या कामात पुढं येणार आहे.)

४ मार्च

पहिला खर्डा. मुक्तछंद, दोन पानं. 'हे घर नुसतं दगडमातीचं नव्हतं' अशी सुरुवात. वाचला आणि लाज वाटली. सणावाराला मोबाईलवर फिरणाऱ्या शुभेच्छांसारखा मजकूर. यातलं घर कुणाचंही असेल, कोकणातलं असेल, विदर्भातलं असेल. आमचं घर यात एकदाही दिसत नाही. फाडला.

९ मार्च

घरी जाऊन आलो. कुलूप तीन वर्षांचं. वानरांनी माळ्यावरची कौलं फोडलीत, सोप्याच्या एका खांबाला वाळवी लागलीय. दर पावसाळ्याआधी कौलं परतून घ्यायला माणूस मिळत नाही, आणि खानापूरचा पाऊस कुणासाठी थांबत नाही. घर का विकलं, याचं उत्तर एवढंच आहे. कवितेत ते घालायची गरज नाही, जेवायला येणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक आहे.

काकांनी कागदांची पिशवी दिली. खरेदीपत्राचा मसुदा कन्नडमध्ये आहे आणि मला कन्नड वाचता येतं. शाळेत शिकलो त्याचा आता उपयोग. त्याच पिशवीत १९५४चं वाटणीपत्रही सापडलं. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, कागद मराठीत आहे. दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ला, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. म्हणून एकाच घराचा जुना कागद मराठी आणि नवा कागद कन्नड.

११ मार्च

रात्री दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. कविता तिथंच सापडली.

कागदात घराचं वर्णन कुठंच नाही. सोपा, माजघर, न्हाणी, परडं, यातलं काही नाही. घर कशाच्या मध्ये आहे, एवढंच सांगितलंय. मराठीत त्याला 'चतुःसीमा' म्हटलंय, कन्नडमध्ये 'चक्कुबंदी'. पूर्वक्के रस्ता. पश्चिमक्के हळ्ळ, म्हणजे ओढा. मग एका बाजूला सामाईक गोडे, म्हणजे भिंत, आणि एका बाजूला धाकट्या आजोबांचा वाटा. चार ओळींत घर संपलं.

म्हणजे कागद घराच्या बाहेरचं सांगतो आणि आतलं मोकळं सोडतो. मी चार दिशांची चार कडवी करायची. प्रत्येकाची सुरुवात कागदातल्या दिशेनं व्हावी आणि शेवट घरातल्या माणसावर किंवा वस्तूवर.

१५ मार्च

छंद ठरवला. मोठा अभंग. चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. दुसरे छंद करून पाहिले नाहीत असं नाही, खरं थोरले काका गावच्या भजनी मंडळात आहेत आणि आमच्या घरात टाळाशिवाय पाठ झालेली कविता एकही नाही. सहा-सहा-सहा-चार हे माप सगळ्यांच्या कानात आधीच बसलंय.

शिवाय चौथा चरण आखूड असतो. कान सहा अक्षरांची वाट बघत असतो आणि चारच येतात. उरलेल्या दोन अक्षरांच्या जागी गप्प राहावं लागतं. घर विकल्याच्या कवितेला ती जागा लागणारच.

पहिलं कडवं एका बैठकीत आलं :

पूर्वेस गावाचा
रस्ता लिहिलेला,
आजा बसलेला
कट्ट्यावरी.

मोजून पाहिलं. पू-र्वे-स-गा-वा-चा, सहा. र-स्ता-लि-हि-ले-ला, सहा. आ-जा-ब-स-ले-ला, सहा. क-ट्ट्या-व-री, चार. जोडाक्षर एकच धरायचं. रस्ता 'लिहिलेला' आणि आजा 'बसलेला', असं यमकातच कागद आणि माणूस समोरासमोर आले. हे ठरवून झालं नाही. झालं ते ठेवलं.

'आजोबा' बसत नव्हतं म्हणून 'आजा' घेतलं. आम्ही त्यांना आजाच म्हणायचो, आजोबा हे आमच्या पुस्तकातलं नातं.

१६ ते २८ मार्च

भान सुटलं. बावीस कडवी झाली. जातं, उखळ, देवळी, आडावरचा राहाट, गोठ्यातली म्हैस, सगळं आलं. घड्याळ लावून वाचलं तर साडेसात मिनिटं. पानं वाढून झालेली असताना साडेसात मिनिटं कुणी ऐकणार नाही, आणि ऐकू नये. दिशांची तेवढी ठेवायची ठरवली, बाकी वहीत राहू दिली.

पश्चिमेचं असं झालं :

पश्चिमेस ओढा
कागदात वाहे,
आजी हंडा पाहे
तापलेला.

'वाहे', 'पाहे' हे जुनं वळण आहे, बोलण्यात येत नाही. अभंगात चालतं. न्हाणीचं दार ओढ्याच्या बाजूला उघडायचं, पहाटे आजी चुलाण्यात लाकूड सारून हंड्याला हात लावून बघायची. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. आईही अजून गिझरची बादली तशीच बघते.

२ एप्रिल

दक्षिण आणि उत्तर लिहायला घेतली आणि अडलो. दोन कागदांत मेळ नाही. वाटणीपत्रात सामाईक भिंत दक्षिणेला आणि धाकट्या आजोबांचा वाटा उत्तरेला आहे. नव्या मसुद्यात नेमकं उलटं : दक्षिणक्के वाटा, उत्तरक्के भिंत.

आधी वाटलं, मीच कन्नड चुकीचं वाचलं. परत वाचलं. नाही, मसुदाच चुकलाय.

३ एप्रिल

सकाळी घरी जाऊन उंबऱ्यावर उभा राहिलो. घर पूर्वाभिमुख आहे. उंबऱ्यावरून रस्त्याकडं तोंड केलं की तोंड पूर्वेला आणि उजवा हात दक्षिणेला. भिंत उजव्या हाताला. जुना कागद बरोबर.

घोळ कुठं झाला तेही कळलं. मसुदा लिहिणाऱ्याला काकांनी फोनवर सांगितलं होतं, "उजव्या हाताला सामाईक भिंत." काका आयुष्यभर घरातून बाहेर बघत आले, त्यांचा उजवा हात दक्षिणेला. लिहिणाऱ्यानं रस्त्यावर उभं राहून घराकडं बघितलं असं धरलं, त्याचा उजवा हात उत्तरेला. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

हे तसंच नोंदलं गेलं असतं तर मागून चूकदुरुस्तीचं पत्र करावं लागलं असतं आणि त्यावर परत सगळ्यांच्या सह्या. सह्या करणारे सात जण आहेत : दोन काका, दोन आत्या, आणि बाबा नाहीत म्हणून त्यांच्या जागी आई, ताई आणि मी. थोरली आत्या पंच्याहत्तरीची, धाकटी धारवाडला. काकांना फोन केला. ते म्हणाले, "कविता करायला लावली ते बरं झालं म्हणायचं." मसुदा दुरुस्त व्हायला गेला.

५ एप्रिल

दक्षिण :

दक्षिणेस भिंत
दोघांत वाटली,
आमटी वाढली
वाटीभर.

'वाटली' म्हणजे हिश्श्यांत पडली. भिंत वाटून घेतली आणि त्याच भिंतीवरून सणाच्या कटाच्या आमटीची वाटी शेजारी जायची. ठीक आहे.

मोठ्यानं वाचताना मात्र हे कडवं लंगडतं. कारण सापडलं. अक्षरं मी कागदावर मोजतोय. 'वाटीभर' लिहिताना चार, बोलताना शेवटचा 'र' पाय मोडून येतो. 'भिंत'चा 'त' तसाच. पूर्वेच्या कडव्यात हे जाणवलं नाही, कारण तिथं प्रत्येक चरण स्वरावर संपतो : गावाचा, लिहिलेला, बसलेला, कट्ट्यावरी. गाताना शेवटचा 'र' लांबवता येतो, वाचताना नाही.

'वाटीमध्ये' करून पाहिलं. माप बोलण्यातही भरलं, खरं कडवं मेलं. 'भर' या शब्दात जी काठोकाठ भरलेली वाटी आहे ती 'मध्ये'मध्ये नाही. 'वाटीभर' ठेवलं. म्हणजे कविता वाचायची नाही, चालीवर म्हणायची, हे आज ठरलं.

१२ एप्रिल

उत्तर. सगळ्यांत अवघड, आणि मी ते शेवटी ठेवलं होतं हे मलाही माहीत होतं.

दोन भावांच्या वाट्यांमधल्या भिंतीत एक दार होतं. आमच्या लहानपणापासून ते बुजलेलंच. घरात बोललं जायचं ते असं की धाकट्या आजोबांनी भांडून दार बंद केलं. त्यावरून लिहिलं :

उत्तरेस वाटा
धाकट्या भावाचा,
दरवाजा त्याचा
बुजवला.

माप चोख. खरं 'त्याचा बुजवला' यात बोट दाखवलंय, आणि ज्यांच्याकडं दाखवलंय त्यांची नातवंडं त्या दिवशी समोर पानावर बसणार. मग 'बुजलेला' केलं. तीही चारच अक्षरं. 'बुजवला' म्हटलं की बुजवणारा कुणीतरी आला. 'बुजलेला' म्हटलं की दार आपोआपच मिटलं, आडात गाळ साचून आड बुजावा तसं. एका 'व'च्या जागी 'ले' आला आणि भांडण गायब.

समाधान वाटलं. दोन दिवस.

१४ एप्रिल

थोरल्या आत्याकडं गेलो, चारही कडवी म्हणून दाखवली. तिसऱ्यापर्यंत ऐकत होती, बोटं गुडघ्यावर ताल धरत होती. चौथ्याला बोटं थांबली.

"ते दार आपसूक बुजलं काय गा?"

मी म्हटलं, कुणाला लागायला नको म्हणून तसं केलंय.

मग तिनं सांगितलं. वाटणी १९५४ची, दार त्यानंतरही सात-आठ वर्षं उघडंच होतं. दोन्ही घरची पोरं त्यातून पळायची. ही बारा वर्षांची असताना एका पावसाळ्यात माजघरातल्या भाताच्या पोत्यांवरून शब्दाला शब्द वाढला, आणि गवंडी बोलावला तो धाकट्या आजोबांनी नाही. आमच्या आजोबांनी. चिखल कालवायला पाणी हिनंच आडातून काढून दिलं होतं.

"तू लिही, खरं खोटं लिहू नकोस," म्हणाली. "दार आम्हीच बुजवलं. नाव घालू नको हवं तर."

१५ एप्रिल

टॉर्च घेऊन माजघरात गेलो. चुन्याखाली चौकट अजून कळते. भिंत चिऱ्याची आहे, दाराचा भाग मातीच्या विटांचा. हात फिरवला की एका जागी बोट अर्ध्या इंचानं आत जातं आणि तिथून खाली सरळ उंबऱ्यापर्यंत ती धार लागते. वरच्या कोपऱ्यात लोखंडी कडी चुन्यात अर्धी रुतलेली. आमच्या बाजूला. म्हणजे कडी लावायची सोयही आमच्याच हातात होती.

नवीन खर्डा. कर्ता आला पाहिजे, आणि तो 'आम्ही' असला पाहिजे. 'आम्ही बुजवला' हीच सहा अक्षरं होतात, म्हणून ती तिसऱ्या चरणात आणि 'दरवाजा' चौथ्यात. दुसऱ्या चरणाला 'ला'चं यमक हवं. 'भावाला दिधला' बसत होतं. धाकट्या काकांनी फोनवरच तोडलं : "दिधला? तो दान दिलेला नव्हता, त्यांच्या हक्काचा होता." बरोबर आहे.

उत्तरेस वाटा
भावाचा राहिला,
आम्ही बुजवला
दरवाजा.

'धाकट्या' गेलं, ते बरं झालं. भाऊ एवढंच पुरे.

२६ एप्रिल

दुरुस्त मसुदा आला. उत्तरक्के वाटा, दक्षिणक्के भिंत. कवितेशी जुळला.

मसुद्याच्या शेवटी 'लिहून देणार' म्हणून सातही नावं ओळीनं आहेत. २००५च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हिस्सा, त्यामुळं दोन्ही आत्यांची नावं काकांच्या बरोबरीनं. थोरल्या आत्यानं आपलं नाव कन्नडमध्ये कसं दिसतं ते मला बोटानं दाखवायला लावलं. तिचं नाव या घराच्या कागदावर पहिल्यांदाच येतंय. आजीचं कधी आलंच नाही. ती आजोबांच्या आधी गेली, त्यामुळं वारस म्हणूनही तिचं नाव लागायची वेळ आली नाही.

पाचवं कडवं यातून आलं. आधी ठरवलेलं नव्हतं.

लिहून देणार
नावे झाली सात,
एक नाही त्यात
आजीचेच.

दक्षिणेला जो दोष होता तोच इथं उपयोगी पडला. 'सात', 'त्यात', 'आजीचेच', तिन्ही बोलताना पाय मोडून थांबतात. शेवटचा 'च' तर जिभेवर आपटतो. चालीवर म्हणताना हे कडवं मात्र लांबवायचं नाही. सरळ वाचायचं आणि थांबायचं.

४ मे

तालीम. धारवाडच्या आत्तेबहिणीला मराठी बोलता येतं, वाचता नीट येत नाही. तिची शाळा कन्नड. ती म्हणाली, "मला पण काहीतरी द्या की." मग असं ठरलं : प्रत्येक कडव्याआधी तिनं खरेदीपत्रातली ओळ कन्नडमध्ये वाचायची, 'पूर्वक्के' म्हणून, आणि मी अभंगानं उत्तर द्यायचं. कागद बोलेल, मग घर बोलेल. काका टाळ धरतील. पहिल्या तालमीत 'सामाईक गोडे'ला पुण्याची पोरं हसली, त्यांना वाटलं काहीतरी गोड वाढणार. हसू देत. दक्षिणेला हसले तर उत्तर जास्त ऐकू येईल.

एकूण वेळ दोन मिनिटं पन्नास सेकंद.

११ मे, रात्री

झालं. सोप्यात चटया टाकून पंचेचाळीस माणसं. पुरणपोळी, कटाची आमटी, पानं मांडलेली, वाफ येत होती, म्हणून मी उभा राहिलो तेव्हा पोरांनी मान वळवून आधी पोळीकडं बघितलं.

पूर्वेला काकांनी टाळ जरा जोरात धरला. पश्चिमेला आईनं हाताची बोटं उलटी करून पदरात लपवली. दक्षिणेला पोरं हसली. उत्तरेला 'आम्ही बुजवला' म्हणून मी थांबलो, ठरल्यापेक्षा जास्त थांबलो, कारण 'दरवाजा' म्हणायला आवाज येईना. तेवढ्यात थोरल्या आत्यानं तो चरण पुरा केला. चालीत. तिला पाठ होतं.

शेवटच्या कडव्यात मी चूक केली. सरळ वाचायचं ठरलं होतं, सवयीनं चाल लागली आणि 'आजीचेच'चा 'च' लांबला. कुणाच्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

जेवणानंतर धाकट्या आजोबांचा नातू हात धुता धुता जवळ आला. त्यांचा वाटा दहा वर्षांपूर्वी विकला गेला, तिथं आता दुसऱ्या कुणाचं स्लॅबचं घर उभं आहे. म्हणाला, "दार कुणी बुजवलं ते आमच्याकडं कधी कोण बोललं नाही. आमच्या बाजूनं चौकट तशीच होती. आज्जीनं त्यात तीन फळ्या ठोकून घेतल्या होत्या. लोणच्याच्या बरण्या ठेवायची."

कडवं नवीन लिहिलं नाही. वहीत नोंद केली : फळ्या तीन. बरण्या किती, ते त्याला आठवत नाही, तो आईला विचारून सांगणार आहे.